प्रश्न इंग्रजीत, उत्तर कशात?

मराठी माध्यमाच्या शाळेतली मुले दहावीला इंग्रजी हा विषय तृतीय भाषा म्हणून घेतात. ऐंशी गुणांच्या त्या कृतिपत्रिकेत अगदी शेवटी भाषांतराचा एक छोटा प्रश्न असतो. त्याला पाच गुण असतात : चार शब्दांना दोन, दोन वाक्यांना दोन आणि एका म्हणीला किंवा वाक्प्रचाराला एक. प्रश्नाची सूचना इंग्रजीत छापलेली असते. मोठ्याने वाचली तर ती अशी ऐकू येते : ट्रान्सलेट द फॉलोइंग वर्ड्स इन्टू युवर मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन.

संपूर्ण इंग्रजी कृतिपत्रिकेत उत्तर मराठीत लिहायचे असते ते एवढ्याच ठिकाणी. तरीही 'मराठी' हा शब्द त्या सूचनेत कुठेही नाही. त्याला कारण आहे. तीच कृतिपत्रिका हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड अशा इतर माध्यमांची मुलेही सोडवतात, त्यामुळे मंडळाला एका भाषेचे नाव घालता येत नाही. म्हणून 'तुमच्या शिक्षणाच्या माध्यमात' असे आडवळणाने म्हटलेले असते.

हे आडवळण मुलाला कुठे नेते ते पाहा. 'इन्स्ट्रक्शन' हा शब्द त्याने पहिलीपासून ऐकलेला असतो, पण 'सूचना' या अर्थाने. रीड द इन्स्ट्रक्शन्स केअरफुली, म्हणजे सूचना नीट वाचा. मग 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' म्हणजे काय? सरळ लावला तर 'सूचनेचे माध्यम', अर्थात सूचना ज्या भाषेत दिली आहे ती भाषा. सूचना इंग्रजीत आहे, तेव्हा उत्तरही इंग्रजीत लिहायला हवे असे त्याला वाटते, आणि तो 'हार्वेस्ट'पुढे 'क्रॉप' लिहून मोकळा होतो. त्याला सुगी माहीत आहे. कापणीही माहीत आहे, कदाचित दिवाळीच्या सुट्टीत त्याने स्वतः विळा धरलेला असेल. तरी तो अर्धा गुण जातो.

सेमी इंग्रजीच्या मुलाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. त्याचे गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत. 'तुमचे माध्यम कोणते?' असे विचारले तर तो प्रामाणिकपणे गोंधळतो. शाळेच्या नोंदीत माध्यम मराठी असते, आणि भाषांतराच्या प्रश्नाला तेच उत्तर अपेक्षित असते. पण दिवसातल्या कितीतरी तासिका तो 'सॉल्व्ह', 'प्रूव्ह', 'डिफाइन' वाचतो आणि इंग्रजीतच लिहितो. सूचनेची भाषा तीच उत्तराची भाषा, ही सवय त्याला शाळेनेच लावलेली असते आणि बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते. फसगत होते ती उरलेल्या थोड्या वेळांना.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न चौदाही तालुक्यांत रोज पडतो. संगमनेर-श्रीरामपूरच्या मोठ्या विद्यालयांत पडतो आणि अकोल्याच्या डोंगरातल्या शाळांतही पडतो. तिथे महादेव कोळी आणि ठाकर घरांतली मुले येतात आणि पुस्तकी मराठी हीसुद्धा घरच्या बोलीपेक्षा वेगळी असते. तिथल्या मुलाला एका कागदावर दोन भाषा दिसतात आणि तिसरी त्याच्या डोक्यात चालू असते. शेवगाव-पाथर्डीकडे ऊसतोडीच्या हंगामात काही मुले आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि परतल्यावर बुडालेला अभ्यास कार्यपत्रिकांवर भरून काढतात. समजावून सांगायला शेजारी कोणी नसेल तर कागदावरची सूचना हाच त्यांचा शिक्षक. ती संदिग्ध असेल तर विचारायचे कोणाला?

अहिल्यानगर शहराला दोन भाषांचा कागद नवा नाही. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरला सुरू झाले. पुढे त्यात मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही येऊ लागला आणि मराठी विभागाचे काम रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पाहिले. पण त्या नियतकालिकाच्या वाचकाला ज्या भाषेतले पान हवे ते वाचता येत होते. कार्यपत्रिकेवर ती मुभा नसते. एका प्रश्नातून दुसऱ्यात उतरताना भाषा बदलते आणि वाचणाऱ्याने ते ओळखून आपला हात बदलायचा असतो.

हे मिश्रण वाढत का गेले, याचा क्रम साधा आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले, तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. पुढे २०१३ मध्ये पहिलीपासून सेमी इंग्रजीची वाट मोकळी झाली. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि कार्यपत्रिका फोनवरून घराघरांत गेल्या. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास राबवला गेला, त्याचा सगळा भार दिवसागणिक नेमून दिलेल्या कृतींवर होता. त्याच सुमारास बालभारतीने पहिलीसाठी मराठी वाक्यांशेजारी इंग्रजी शब्द देणारी एकात्मिक द्विभाषिक पुस्तके काढली. आधी निवडक आदर्श शाळांत आणि मग सर्वत्र ती पोचली. पूर्वी मराठीची वही आणि इंग्रजीची वही दप्तरात वेगळी असायची, आता दोन्ही भाषा एका पानावर आल्या.

या वह्यांची आठवण इथे मुद्दाम काढायला हवी. इंग्रजीला चार रेघी वही आणि मराठीला दुरेघी किंवा एकरेघी, हे प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. चार रेघा दिसल्या की हात आपोआप इंग्रजी अक्षरांकडे वळतो. कागदच भाषा सांगत असे. कार्यपत्रिकेवर मात्र उत्तरासाठी सगळीकडे सारख्याच ठिपक्यांच्या ओळी असतात आणि ती खूण हरवते. पहिली ते पाचवीसाठी कार्यपत्रिका करणाऱ्याने फक्त एवढे केले, की इंग्रजी उत्तराच्या जागी चार रेघा आणि मराठी उत्तराच्या जागी एक रेघ आखली, तर निम्मा गोंधळ सूचना न वाचताच मिटतो.

मोठ्या वर्गांना रेघा पुरत नाहीत. तिथे सूचनाच वाचावी लागते. त्यासाठी नववीच्या सेमी वर्गाची एका पानाची एक उजळणीची कार्यपत्रिका घेऊ. ती या लेखासाठीच बांधली आहे, पण तिच्यातले प्रश्नांचे प्रकार रोजच्या वर्गातले आणि परीक्षांतले आहेत.

पहिला प्रश्न मराठीच्या विषयातला आहे. सूचना मराठीत : पुढील इंग्रजी शब्दांसाठी प्रचलित मराठी शब्द लिहा. पुढे रोमन लिपीत तीन शब्द छापले आहेत : वर्कशॉप, ॲनिव्हर्सरी, एक्झिबिशन. अपेक्षित उत्तरे कार्यशाळा, वर्धापनदिन, प्रदर्शन. सूचना मराठीत आणि उत्तरही मराठीत, म्हणजे इथे चूक व्हायला नको. पण होते, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. एक मुलगी देवनागरीत 'वर्कशॉप' असे लिहिते. तिने लिपी बदलली आहे, भाषा बदललेली नाही. ती चुकली का? तिच्या बाजूने पाहिले तर नगरच्या एमआयडीसीत तिचे काका ज्या जागी लेथवर काम करतात तिला सगळे वर्कशॉपच म्हणतात आणि सूचनेत 'प्रचलित' असा शब्द आहे. प्रचलित म्हणजे चालू, सर्वांच्या तोंडी असलेला. तिने तो शब्द प्रामाणिकपणे पाळला.

प्रश्न काढणाऱ्याला हवा होता तो पारिभाषिक शब्द, म्हणजे कार्यालयात, निमंत्रणपत्रिकेवर, बातमीत वापरायचा. मग सूचनेतच 'पर्यायी मराठी पारिभाषिक शब्द' म्हणावे आणि एक शब्द सोडवून दाखवावा : उदाहरणार्थ, 'सर्क्युलर' म्हणजे परिपत्रक. सोडवलेले एक उदाहरण भाषाही सांगते, लिपीही सांगते आणि कोणत्या प्रकारचा शब्द हवा तेही सांगते. तीन ओळींच्या स्पष्टीकरणाने जे होत नाही ते एका उदाहरणाने होते.

दुसरा प्रश्न इंग्रजीचा, तोच भाषांतराचा. शब्द चार : ड्रॉट, हार्वेस्ट, वेल आणि बँक. पहिल्या दोन शब्दांची अडचण नाही. दुष्काळ हा शब्द या जिल्ह्यात कोणाला शिकवावा लागत नाही. 'वेल' मात्र एकटाच उभा असला तर विहीर म्हणायची की बरा, चांगला? 'बँक' म्हणजे प्रवरेचा काठ की पैसे ठेवायची जागा? वाक्याशिवाय दिलेल्या शब्दाला दोन अर्थ असतील तर दोन्ही बरोबर धरले पाहिजेत. तपासणाऱ्याच्या मनात फक्त विहीर असेल आणि त्याने 'बरा' खोडला, तर चूक मुलीची नाही. याहून चांगला उपाय म्हणजे असे शब्द नुसते देऊच नयेत, वाक्यात बसवून द्यावेत.

वाक्याच्या भाषांतरात भाषेची खरी परीक्षा होते. वाक्य असे आहे : द फार्मर हू सोल्ड हिज अनियन्स ॲट घोडेगाव गॉट अ गुड प्राइस. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावचा कांदाबाजार मुलांच्या परिचयाचा, त्यामुळे अर्थ कळायला क्षणही लागत नाही. पण लिहिताना मुलगी इंग्रजी शब्दांच्या मागे मागे चालते : 'शेतकरी ज्याने त्याचे कांदे घोडेगावला विकले मिळवला चांगला भाव.' एकेक शब्द बरोबर आहे, फक्त वाक्य मराठी नाही.

हेच तिला घरी येऊन आजीला सांगायचे असते तर ती म्हणाली असती : 'घोडेगावला कांदा विकलेल्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला.' या दोन वाक्यांत काय काय बदलले ते मोजण्यासारखे आहे. इंग्रजीत कर्ता असलेला शेतकरी मराठीत 'शेतकऱ्याला' झाला आणि भाव कर्त्याच्या जागी आला, कारण मराठीत भाव माणूस मिळवत नाही, माणसाला भाव मिळतो. 'हू' या शब्दाने जोडलेले उपवाक्य 'विकलेल्या' या एका शब्दात विरघळून शेतकऱ्याच्या आधी गेले. 'हिज' गळून पडले, कारण स्वतःचाच कांदा विकला हे मराठीत सांगावे लागत नाही. 'कांदे' अनेकवचनातून 'कांदा' असे एकवचनात आले, कारण बाजारात मालाचा उल्लेख तसाच होतो. आणि क्रियापद शेवटी गेले. हे सगळे नियम त्या मुलीला अवगत आहेत, फक्त तिने ते कधी नियम म्हणून ऐकलेले नाहीत. म्हणून या प्रश्नाचा सराव घेताना काही शिक्षक एकच गोष्ट करायला लावतात : इंग्रजी वाक्य एकदा वाचायचे, मग कागद पालथा घालायचा, तेच घरच्यांना तोंडी सांगायचे आणि जे सांगितले तेच लिहायचे. कागद पालथा घालणे महत्त्वाचे. तो समोर असला की इंग्रजीचा क्रम हात धरून ओढतो.

म्हणीचेही असेच आहे. रिकाम्या भांड्याचा आवाज फार, अशा अर्थाची इंग्रजी म्हण दिली तर 'रिकामे भांडे जास्त आवाज करते' हे शब्दांचे भाषांतर झाले. मराठीत त्या जागी दुसरीच म्हण उभी आहे : उथळ पाण्याला खळखळाट फार. सूचना तीच, 'ट्रान्सलेट', पण शब्दाला प्रतिशब्द, वाक्याला वाक्य आणि म्हणीला म्हण, अशा तीन वेगळ्या मागण्या त्या एका क्रियापदात दडलेल्या आहेत. सरावाच्या कार्यपत्रिकेवर म्हणीच्या उपप्रश्नापुढे 'याच अर्थाची मराठी म्हण लिहा' एवढे मराठीतून लिहिले तर हे दडलेले बाहेर येते. परीक्षेत ते लिहिलेले नसते हे खरे, पण परीक्षेत कळावे म्हणूनच सरावात ते आधी सांगायचे असते.

तिसरा प्रश्न विज्ञानाचा. सूचना इंग्रजीत : गिव्ह सायंटिफिक रीझन. विधानही इंग्रजीत, की माठातले पाणी उन्हाळ्यात गार राहते. उत्तर इंग्रजीतच हवे. मुलीने लिहिलेले उत्तर मोठ्याने वाचले तर असे ऐकू येते : 'वॉटर कम्स आउट फ्रॉम स्मॉल छिद्र ऑफ माठ अँड बाष्पीभवन हॅपन्स सो हीट गोज अँड वॉटर इज कूल.' यातले छिद्र, माठ आणि बाष्पीभवन हे तीन शब्द तिने देवनागरीत लिहिले आहेत.

या उत्तराला दोनपैकी किती गुण द्यायचे? तपासणाऱ्याने घाई केली तर शून्य किंवा अर्धा. पण विज्ञान पाहिले तर साखळी पूर्ण आहे. माठाच्या भिंतीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी बाहेर झिरपते, बाहेर आलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून आणि माठातून घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. मुलीने हे चारही दुवे ओळीने मांडले आहेत. तिच्याकडे कमी पडले ते फक्त दोन शब्द, 'पोअर्स' आणि 'इव्हॅपोरेशन', आणि माठाला इंग्रजीत काय म्हणायचे ते. उलट दुसऱ्या एखाद्याने पाठ केलेले शुद्ध इंग्रजी वाक्य लिहिले, 'बिकॉज ऑफ इव्हॅपोरेशन', आणि पुढे काहीच नाही, तर त्याची भाषा चोख आहे, पण उष्णता कुठून जाते हे त्याला कळले आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. नुसते एकूण गुण लिहिले तर ही दोन मुले कागदावर सारखी दिसतात आणि दोघांना उद्या काय शिकवायचे ते हातून निसटते.

यावर वर्गात चालणारा साधा उपाय म्हणजे समासात दोन रकाने : विषय आणि भाषा. या मुलीला विषयात दोनपैकी दोन आणि भाषेपुढे ते तीन शब्द. दुसऱ्याला विषयात अर्धा किंवा एक, भाषा ठीक. बोर्डाच्या परीक्षेत असे दोन रकाने नसतात. म्हणूनच ते कार्यपत्रिकेवर असायला हवेत, कारण कार्यपत्रिका ही निकाल लावण्यासाठी नसते. पुढच्या वेळी प्रश्नाच्या वर एक शब्दपेटी ठेवायची, तिच्यात तेच तीन शब्द इंग्रजी आणि मराठी अशा जोड्यांनी. उत्तर मात्र छापायचे नाही, वाक्य तिलाच बांधू द्यायचे. दोन-तीन आठवड्यांनी पेटी काढून घ्यायची आणि शब्द टिकले का ते पाहायचे.

आता चौथा प्रश्न. तो बुद्धिमत्ता चाचणीतला. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे पंचवीस आणि बुद्धिमत्तेचे पन्नास प्रश्न एकामागोमाग येतात, दीड तासाच्या आत. त्यामुळे भाषेची ही उडी लहान वयातच मारावी लागते. प्रश्न असा : इंग्रजी वर्णमालेत उजवीकडून पाचव्या अक्षराच्या डावीकडे तिसरे अक्षर कोणते? सूचना पूर्ण मराठीत आहे, आणि उत्तर एक इंग्रजी अक्षर. उजवीकडून मोजताना झेड, वाय, एक्स, डब्ल्यू, व्ही, पाचवे व्ही. तिथून डावीकडे यू, टी, एस. उत्तर एस.

इथे भाषेची चूक वेगळ्या जागी होते. मूल डावे-उजवे चुकत नाही, ते मोजायला कुठून सुरुवात करायची ते चुकते. व्हीच्या डावीकडे तिसरे म्हणताना ते व्हीलाच पहिले धरते आणि टीवर थांबते. कारण 'पाचव्या अक्षराच्या डावीकडे' ही मराठी शब्दांची रचना दोन पायऱ्यांची आहे आणि मूल ती एका दमात वाचते. हा भाग मराठी वाचनाचा आहे, इंग्रजीचा नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी सूचना समजतेच असे धरून चालणे ही द्विभाषिक कार्यपत्रिकेतली सर्वांत मोठी चुकीची समजूत आहे. अकोल्यातल्या किंवा तांड्यावरच्या मुलाच्या बाबतीत तर फारच.

अंकांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण त्यातून मराठी-इंग्रजीचा उलटा क्रम अगदी लहान मुलांनाही भेटतो. त्रेपन्न ऐकताना तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. इंग्रजी फिफ्टी-थ्रीत पन्नास आधी. म्हणून 'त्रेपन्न लिही' म्हटल्यावर काही मुले तीन आधी लिहितात आणि कागदावर पस्तीस उमटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' अशी वाचण्याची पद्धत जुन्या नावांबरोबर आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे हेच कारण वारंवार समजावून सांगितले होते. पद्धत पटो न पटो, अडचण त्यांनी नेमकी दाखवली होती. त्यात भर म्हणजे देवनागरी एक आणि आंतरराष्ट्रीय लिपीतला नऊ एकमेकांसारखे दिसतात. एकाच कागदावर दोन्ही अंकलिप्या छापल्या तर आकडेमोड येणारे मूलही चुकते. कार्यपत्रिकेवर प्रश्नक्रमांक एका लिपीत आणि गणिते दुसऱ्या लिपीत, हा प्रकार टाळण्याजोगा आहे आणि फार वेळा होतो.

छपाईची आणखी एक अडचण शिक्षकांच्याच वाट्याला येते. अजूनही अनेकांच्या संगणकावर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत केलेल्या फाइली आहेत. त्यांत मराठी अक्षरे खरे म्हणजे इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात. दोन भाषांचे पान करताना कोणी सगळे निवडून एकच टंक लावला, की इंग्रजी प्रश्नांच्या जागी निरर्थक देवनागरी अक्षरे येतात किंवा मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांचा ढीग. फोनवर पाठवलेल्या फाइलीत तर हे हमखास होते, कारण तो टंक घेणाऱ्याच्या फोनमध्ये नसतो. दोन्ही भाषांचा मजकूर युनिकोडमध्ये टंकून, शेवटी पीडीएफ करून पाठवला तर हा त्रास संपतो. पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहणे हीही चांगली सवय.

आता कार्यपत्रिका तपासून झाली आहे असे धरू. चाळीसपैकी पंधरा मुलांनी भाषांतराच्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत लिहिले आहे. त्यांना ते येत नाही, की त्यांना ते कळले नाही, हे कसे ओळखायचे? दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, चूक कशी पसरली आहे. न येणाऱ्या प्रश्नात मुले वेगवेगळी चुकतात. कोणी रिकामे सोडते, कोणी भलतेच लिहिते. सूचना चुकीची वाचली गेली असेल तर सगळी एकसारखी चुकतात. पंधराही मुलांनी 'ड्रॉट'पुढे 'नो रेन' असे इंग्रजीतच लिहिले असेल तर दोष शब्दज्ञानात नाही. उलट त्यांनी अर्थ अचूक पकडला आहे. दुसरी गोष्ट, त्यातल्या दोघा-तिघांना जवळ बोलावून तोच प्रश्न तोंडी मराठीत विचारायचा : 'ड्रॉट म्हणजे काय गं?' लगेच 'दुष्काळ' असे उत्तर आले तर शिकवायचा विषय दुष्काळ नव्हे, 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' हे तीन शब्द आहेत. हे पडताळायला दोन मिनिटे लागतात. ते न करता अख्ख्या वर्गाला पन्नास शब्दार्थ पुन्हा पाठ करायला दिले, तर तासभर जातो आणि पुढच्या वेळी चूक तशीच राहते.

यातून तयार झालेली सुधारलेली कार्यपत्रिका फार वेगळी दिसत नाही. प्रत्येक प्रश्नाच्या उजव्या टोकाला एक छोटी चौकट आहे आणि तिच्यात एकच अक्षर, 'म' किंवा 'इं'. विज्ञानाच्या प्रश्नापुढे 'इं', पारिभाषिक शब्दांपुढे 'म', वर्णमालेच्या प्रश्नापुढे 'इं', आणि भाषांतराच्या इंग्रजी सूचनेपुढे 'म'. या शेवटच्या दोन जोड्या वर्गाला विचित्र वाटतात आणि तशा वाटायलाच हव्यात. सगळ्या प्रश्नांत सूचनेची भाषा आणि चौकटीतले अक्षर जुळले असते तर चौकटीची गरजच नव्हती. तिसऱ्या-चौथ्या कार्यपत्रिकेपासून चौकट रिकामी छापायची. मुलांनी उत्तर लिहिण्याआधी सगळे पान वाचून आधी फक्त चौकटी भरायच्या, दुसरे काही लिहायचे नाही. ते दोन मिनिटांत होते आणि शिक्षक वर्गातून फिरत नुसत्या चौकटी पाहू शकतात. एखाद्या बाकावर भाषांतराच्या प्रश्नापुढे 'इं' दिसला, तर तिथे थांबायचे, अजून काही खोडावे लागलेले नसते.

दहावीच्या परीक्षेत चौकट नसते आणि प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायची परवानगीही नसते. म्हणून नववीच्या दुसऱ्या सत्रात चौकट पूर्ण जाते आणि तिच्या जागी बोट येते. सूचनेतल्या ज्या शब्दात उत्तराची भाषा लपलेली आहे त्या शब्दाखाली डाव्या हाताचे बोट ठेवायचे आणि मगच पेन उचलायचे. पारिभाषिक शब्दांच्या प्रश्नात ते बोट 'मराठी'खाली येते. वर्णमालेत 'इंग्रजी'खाली येते. माठाच्या प्रश्नात भाषेचे नाव सूचनेत कुठेच सापडत नाही, तेव्हा विषय विज्ञानाचा आहे आणि विज्ञान आपण इंग्रजीत लिहितो, हे आठवावे लागते. आणि भाषांतराच्या प्रश्नात बोट सरकत सरकत ओळीच्या अगदी टोकाला जाते, 'इन्स्ट्रक्शन'पाशी थांबते, आणि ती मुलगी हळूच स्वतःशी म्हणते, 'म्हणजे मराठी.'